धोरणपुस्तिकेची भाषा



रुग्णालयाची इंग्रजी धोरणपुस्तिका आम्ही नुकतीच दुरुस्त केली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही अंतर्भूत असतात, हे खरे. पण पुस्तिका वाचणाऱ्या परिचारिकेला ते कोण सांगणार?

एक कलम असे होते : "इफ अ पेशंट वॉन्ट्स हिज रिपोर्ट, ही शॅल अप्लाय टू द चेअरमन." प्रथम आम्ही सर्वत्र 'ही ऑर शी' घातले. (मराठी कानाला हा 'ही' स्त्रीलिंगीच वाटतो, ते असो!) वाक्य अडखळू लागले. मग 'हिज रिपोर्ट'चे 'अ रिपोर्ट' केले, तर कोणाचाही अहवाल मागता येईल, असा अर्थ निघू लागला. अखेर अनेकवचन कामी आले : "पेशंट्स हू वॉन्ट देअर रिपोर्ट्स शॅल अप्लाय टू द चेअरपर्सन."

सरसकट बदलात एक चूकही झाली. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत समितीचे अध्यक्षपद स्त्रीकडेच असावे लागते. तेथील 'वुमन'चे 'पर्सन' झाले होते. ते आम्ही पूर्ववत केले. न्यासपत्रातील 'चेअरमन' मात्र न्यासपत्र दुरुस्त होईपर्यंत तसाच राहील.