‘तसंही झालंच असतं’ ते वजा करा: एका रुपयाचे चार रुपये खरंच होतात का?

आजच्या भागात थोडं गणित आहे, पण बसमध्ये उभ्या उभ्या, तोंडी करता येईल असं.

एखाद्या संस्थेचं पत्रक तुम्ही पाहिलं असेल. ‘तुम्ही दिलेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला चार रुपये मिळतात.’ या हिशोबाला सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट म्हणतात, थोडक्यात एसआरओआय. 1990 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका निधी देणाऱ्या संस्थेने त्याची सुरुवात केली आणि 2009 मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी मदतीने त्याची मार्गदर्शिका निघाली. कल्पना साधी आहे. झालेल्या बदलाची पैशात किंमत काढायची आणि तिला खर्चाने भागायचं.

भानगड होते ती ‘झालेला बदल’ मोजताना.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतलेत. तालुक्याच्या गावातली एक संस्था टॅली आणि दुकानातल्या बिलिंगचा तीन महिन्यांचा कोर्स चालवते. वर्षाला 100 जण शिकतात, 50 मुलं आणि 50 बायका. खर्च 25 लाख, त्यात फुकट मिळालेल्या हॉलचं भाडंही धरलंय. 70 जणांना नोकरी लागली, पगार सरासरी 12,000. म्हणजे वर्षाला साधारण एक कोटी. भागिले 25 लाख, उत्तर चार. झालं पत्रक तयार!

आता पहिला प्रश्न. 70 हा आकडा कसला? नोकरीवर रुजू झालेल्यांचा. वर्षभराने सगळ्यांना फोन केले, तर 60 जणच कामावर. दिवाळीच्या गर्दीपुरतं घेतलेले काही जण घरी परतले होते. म्हणून महिन्याची खरी कमाई 60 गुणिले 12,000, म्हणजे 7 लाख 20 हजार.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. कोर्स नसता तर हे 100 जण काय करत असते? घरी बसून राहिले असते का? काही जण राहिले असते. पण कुणी मामाच्या ओळखीने कुरिअरला लागला असता, कुणी मेडिकलच्या काउंटरवर. हे ‘तसंही झालंच असतं’ म्हणजे एसआरओआयच्या भाषेत डेडवेट. ते वजा करावंच लागतं.

बऱ्याच संस्था इथे ‘आधी किती कमवत होता, आता किती’ अशी वजाबाकी करतात. त्यात एक सापळा आहे. ऑर्ली ॲशनफेल्टर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1978 मध्ये दाखवलं, की ट्रेनिंगला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या आधीच खाली गेलेली असते. साहजिक आहे ना! काम सुटलं, म्हणून तर माणूस कोर्स शोधतो. त्यातला बराच जण काही महिन्यांनी स्वतःहूनच सावरला असता. ते सावरणंही आपण कोर्सच्या खात्यात टाकतो.

मग करायचं काय? वेटिंग लिस्टकडे बघायचं. आपल्या संस्थेकडे जागा संपल्यामुळे 50 जण थांबले होते, 25 मुलं आणि 25 बायका. त्यांनाही वर्षभराने, त्याच आठवड्यात, तेच प्रश्न विचारले. 50 पैकी 20 जण काम करत होते, सरासरी 10,000 वर. म्हणजे 100 माणसांमागे 40. कोर्स नसता तरी महिन्याला 4 लाख आलेच असते.

7 लाख 20 हजारातून 4 लाख गेले, उरले 3 लाख 20 हजार. वर्षाचे 38 लाख 40 हजार. चाराचं उत्तर दीडवर आलं.

एक खबरदारी घ्या. वेटिंग लिस्ट ‘आधी येईल त्याला’ किंवा चिठ्ठ्या टाकून झालेली असली, तरच ही तुलना चालते. मुलाखतीत नापास झालेल्यांशी तुलना केलीत, तर कोर्स उगाचच चांगला दिसेल. पुष्कर मैत्र आणि सुभा मणि या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या बायकांच्या शिवणकाम प्रशिक्षणाचा अभ्यास केला, तेव्हा कुणाला जागा मिळणार हे लॉटरीनेच ठरलं होतं. तिथे शिकलेल्या बायकांना खरोखर जास्त काम आणि जास्त कमाई मिळाली. आणि हो, फोन न उचलणाऱ्यांना विसरू नका. कुणी पुण्याला नोकरीला गेलेला असतो, कुणाला ‘अजून काही नाही’ हे सांगायची लाज वाटते.

आता आणखी तीन छोट्या वजाबाक्या. दुकानदाराला विचारा, ‘ही मुलगी आली नसती तर जागा रिकामी राहिली असती?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘छे, दुसरं कुणीतरी घेतलं असतं.’ म्हणजे आपल्याकडची एक लागली आणि गावातलीच दुसरी राहिली. त्यासाठी समजा 25 टक्के कापले. दुकानदाराने स्वतः पंधरा दिवस शिकवलं, त्याचं श्रेय म्हणून 10 टक्के. उरले साधारण 26 लाख. तिसरी गोष्ट, फायदा दरवर्षी ओसरतो, कारण वेटिंग लिस्टवालेही हळूहळू शिकतात आणि पुढे जातात. दरवर्षी आधीच्या वर्षाचा 60 टक्केच उरतो असं धरलं, तर तीन वर्षांचे मिळून जवळजवळ 51 लाख होतात.

51 भागिले 25. एका रुपयाचे दोन रुपये. चार नाहीत, पण वाईटही नाहीत.

यातले 25 टक्के हा अंदाज आहे. तो 50 केला तर दोनाचे 1.35 होतात. म्हणून एकच आकडा छापू नये, ‘1.35 ते 2’ असं लिहावं. आणि दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवून नंबर लावू नये, कारण दोघांचे अंदाज वेगळे असतात.

आता मुद्द्याचं. त्या 60 जणांची फोड करू. 50 मुलांपैकी 38 कामावर, 50 बायकांपैकी 22. देणगीदार हे बघून म्हणतो, ‘मुलांची बॅच वाढवा, बायकांची बंद करा.’ ऐकायला बरोबर वाटतं ना?

वेटिंग लिस्ट पुन्हा उघडा. 25 मुलांपैकी 16 जण कोर्सशिवायच कामाला लागले होते, म्हणजे 50 मध्ये 32. बायका 25 पैकी 4, म्हणजे 50 मध्ये 8. मुलांमध्ये कोर्समुळे कामाला लागले 38 वजा 32, फक्त 6. बायकांमध्ये 22 वजा 8, तब्बल 14. जी बॅच रिपोर्टमध्ये कमजोर दिसते, तिथेच कोर्सने दुपटीहून जास्त माणसं कामाला लावली.

25-25 जणांची यादी लहान आहे, दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली तर आकडा हलेल. म्हणून दोन-तीन बॅचची यादी जोडून पुन्हा बघावं लागतं. पण फक्त ‘किती जण लागले’ एवढंच मोजत राहिलात, तर संस्था हळूहळू, कळत नकळत, तसंही लागलेच असते त्यांनाच प्रवेश देऊ लागते. लग्नानंतर सात वर्षांनी पहिल्यांदा काम शोधणारी बाई दारातूनच परत जाते. आणि पत्रकावरचा आकडा मात्र वाढतो.

तेव्हा तुम्ही एखाद्या संस्थेत काम करत असाल, तर पुढच्या बॅचला जागा भरल्या की उरलेल्यांची यादी फेकू नका. नाव, नंबर, आणि घरच्या एकाचा नंबर लिहून ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. वर्षाने तीच वही सगळ्यात कामाची ठरेल. आज इतकंच, भेटू पुढच्या भागात.