हळद पावडर किती किलो विकली की सुटतो?

आपलं कुरुंदा वसमत तालुक्यातलं, म्हणजे हळदीचा पट्टा. तर आज हळद पावडरीचंच गणित एक्सेलमध्ये मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

B1 मध्ये किलोचा भाव 200. B2 मध्ये किलोमागचा खर्च, म्हणजे हळकुंड, दळण, पाकीट, मिळून 160. B3 मध्ये महिन्याचं भाडं-पगार 20,000. B4 मध्ये लिहा:

```
=IF(B1>B2,B3/(B1-B2),"तोटाच")
```

उत्तर 500 किलो. एवढी विकली की ना नफा, ना तोटा. IF नसेल, तर खर्च भावापेक्षा जास्त झाल्यावर एक्सेल उणे किलो दाखवतं!

आता हेच C, D, E मध्ये कॉपी करा आणि प्रत्येकात एकच आकडा दहा टक्क्यांनी बिघडवा. C मध्ये भाडं-पगार 22,000 केला, तर 550 किलो. D मध्ये खर्च 176, तर 833.33. अन् E मध्ये भाव 180 केला, तर थेट 1,000! कारण किलोमागे सुटणाऱ्या 40 रुपयांतले 20च उरले. भाडं वाढलं तरी ते 40 शाबूत राहतात.

गिऱ्हाईक "दहा टक्के कमी करा" म्हणालं, की आधी E4 बघा. पण भाव तुमच्या हातात असतो. हळकुंडाचा दर मोंढ्यात ठरतो. म्हणून D2 मात्र दर खरेदीला बदलत जा.