अनामत मागणारं पत्र

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी राहणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे पत्र दाखवायला आली. खासगी वसतिगृहाची खोली सोडून दोन महिने झाले होते, अनामतीचे बारा हजार अडकले होते. पत्र चार पानांचं. त्यात पाण्याची बोंब होती, मेसची डाळ होती, मालकांचा आवाजही होता. फक्त किती रुपये, कधीपर्यंत आणि कुठे द्यायचे, तेवढं नव्हतं.

आम्ही ते नव्याने लिहिलं, एका पानात. आधी खोली क्रमांक, मग अनामत भरल्याची तारीख आणि पावती क्रमांक. मग मजकूर असा: "मी २८ एप्रिलला महिनाभराची लेखी सूचना दिली. ३१ मे रोजी खोली सोडली. त्याच दिवशी आपल्या व्यवस्थापकांनी गादी, पंखा, कपाट तपासून नो ड्यूजच्या कागदावर सही केली आणि किल्ली घेतली. मे महिन्याचं वीजबिल ६४० रुपये माझ्याकडे येणं आहे, ते वजा करावं. उरलेले ११,३६० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावेत. आणखी काही कापायचं असल्यास कारण व बिल लेखी कळवावं."

ते ६४० रुपये लिहायला ती तयार नव्हती. पण आपलं देणं आपणच मांडलं की समोरच्याला हिशेबाचा घोळ घालायला जागा उरत नाही. आणि शेवटचं वाक्य रंगासाठी आहे. "रंगाचे पैसे कापले" हे उत्तर ठरलेलं असतं. वापराने भिंत मळणं वेगळं, खिळे ठोकून पोपडे काढणं वेगळं. तपासणीच्या दिवशी कागदावर काहीच नोंद नसेल, तर दोन महिन्यांनी निघालेला रंग टिकत नाही. मात्र करारात रंगाची ठरावीक रक्कम लिहून त्यावर तुम्ही सही केलेली असेल, तर वाद अवघड होतो. तो कागद आधी वाचा.

पत्र स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सोबत जोडायच्या त्या झेरॉक्स. अनामतीची मूळ पावती घरीच. खोली सोडताना "मूळ पावती जमा करा" म्हणतात, तेव्हा तिचा फोटो काढल्याशिवाय ती हातातून सोडू नये.

१५ दिवस गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

या मुलीला दहाव्या दिवशी फोन आला: "ताई, येऊन 'पूर्ण रक्कम मिळाली' अशी सही करा, पैसे संध्याकाळी टाकतो." ती म्हणाली, "काका, आधी टाका, खात्यात दिसले की लगेच सही करते." त्या संध्याकाळी ११,३६० आले. सही तिने दुसऱ्या दिवशी केली.