हमालापासून प्रधानापर्यंत : शब्दांच्या शिडीविषयी



आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. लुइस कॅरॉल यांनी 1877 च्या नाताळात दोन मुलींच्या करमणुकीसाठी तो बनवला आणि 1879 पासून तो लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात छापून येऊ लागला. दोन शब्द द्यायचे आणि एका वेळी एकच अक्षर बदलत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे. मधला प्रत्येक टप्पा खरा शब्द हवा. त्यांनी इंग्रजीतल्या ‘हेड’चे ‘टेल’, म्हणजे डोक्याचे शेपूट, मध्ये चार शब्द घालून करून दाखवले. ती साखळी मी इथे लिहून दाखवू शकत नाही, कारण ती उच्चारांवर नव्हे तर रोमन लिपीतल्या वर्णांवर उभी आहे. देवनागरीत उतरवली की मोडते.

म्हणून मराठीत खेळायचे तर आधी ठरवायला हवे की ‘एक अक्षर’ म्हणजे काय. वर्गात आम्ही ठरवले ते असे: मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांसह जे एका घासात उच्चारले जाते ते एक अक्षर. ‘प्र’ एक, ‘स्था’ एक, ‘वि’ एक. विशेषनामे नकोत आणि सामान्यरूपेही नकोत. या नियमाने मातीचे सोने तीन पावलांत होते: माती, पाती, पाने, सोने. कोणी ‘माने’ घालून दोन पावलांत आटोपू पाहील. पण ते आडनाव आहे, नाहीतर ‘मानेवर’ मधले सामान्यरूप. दोन्ही बाद.

आता खरे उदाहरण. मागच्या वर्षी मी विद्यार्थ्यांना सांगितले, हमालाचा प्रधान करून दाखवा. मी स्वतः आदल्या रात्री करून ठेवला होता: हमाल, कमाल, कमान, विमान, विधान, निधान, निदान, प्रदान, प्रधान. आठ पावले. फळ्यावर लिहून मी मागे वळलो तोच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ‘विधान’नंतर थेट ‘प्रधान’ होतंय की!” खरेच होत होते. ‘वि’ काढून ‘प्र’ ठेवले की झाले. पाच पावले. नजरेसमोरचे दार सोडून मी अंगणाला वळसा घालून आलो होतो.

चूक माझ्या डोळ्यांची नव्हती, पद्धतीची होती. मी एक धागा पकडून सुचेल तिकडे जात होतो. असे चालले की वाट मिळते, पण ती आखूड आहे की लांब हे कळायला मार्ग उरत नाही. पाचाची मिळाल्यावरही प्रश्न राहिलाच: चारांची नसेल कशावरून?

याचे उत्तर थरांत शोधल्याने मिळते. ‘हमाल’पासून एका पावलावरचे सगळे शब्द आधी लिहायचे. आम्हाला सहा मिळाले: कमाल, धमाल, रुमाल, हलाल, हमाम, हमाली. त्या प्रत्येकापासून आणखी एक पाऊल टाकले की दुसरा थर: कमान, कमाई, कमल, कपाल, दलाल, गुलाल, धमाका, तमाम आणि असेच काही. एक थर पुरता लिहून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. पण हे एकाच टोकाकडून केले तर वही पुरत नाही. समजा प्रत्येक शब्दाला सहा शेजारी आहेत. मग पाचव्या थरात सहाचा पाचवा घात, म्हणजे 7776 शब्द होतात. पुनरुक्ती वजा जाता प्रत्यक्षात कमी होतील, पण फुगवटा याच जातीचा.

म्हणून दुसऱ्या टोकाकडूनही निघायचे. ‘प्रधान’चे शेजारी: विधान, निधान, संधान, प्रदान, प्रस्थान. त्यांचे शेजारी: विमान, विज्ञान, विधाता, निदान, मैदान, नादान, संतान, आणि आपल्या इंदूरला शोभणारे संस्थान. आता दोन्ही बाजूंचे दोन-दोन थर झाले. त्याच सहाच्या हिशेबाने एका बाजूच्या दुसऱ्या थरात 36 आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या थरापर्यंत गेले तरी तिथे 216. दोन बाजूंनी बोगदा खणण्यासारखेच हे. फरक इतकाच की इथे श्रम निम्मे होत नाहीत, तिसाव्या हिश्श्यावर येतात.

आता याद्या शेजारी ठेवून पाहा. हमालाकडच्या दोन थरांत आणि प्रधानाकडच्या दोन थरांत एकही शब्द सारखा नाही. चार पावलांची वाट असती, तर तिचा मधला शब्द दोन्ही याद्यांत आलाच असता. तो नाही, म्हणून चाराची वाट नाही. आता ज्या बाजूची यादी लहान तिचा थर वाढवायचा. आम्ही डावीकडून वाढवला, आणि ‘कमान’पासून पाऊल टाकताच ‘विमान’ मिळाले, जे उजवीकडच्या यादीत आधीच होते. दोन, एक आणि दोन. पाच हीच सर्वांत आखूड वाट, अर्थात आमच्या शब्दसंग्रहापुरती. एखाद्याने कोशातून पहिल्या थरातला सुटलेला शब्द काढून दाखवला, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ‘खदान’ घ्यायचा का यावर वर्गात बराच वाद झाला. आपल्या घरांत तो मराठीसारखाच बोलला जातो, पण मी घेतला नाही. घेतला असता तरी उत्तर बदलले नसते. तो ‘प्रदान’चा शेजारी, इतकेच.

दोन्ही टोकांकडून शोधण्याचा आणखी एक फायदा वाट नसते तेव्हा कळतो. ‘चांदणे’च्या जोडीला ‘ज्योत्स्ना’ कोणी सुचवला. अक्षरसंख्याच जुळत नाही म्हणून तो गेला. मग समजा ‘माती’पासून एखाद्या एकांड्या शब्दापर्यंत जायचे आहे. ‘माती’कडून निघालात तर मोती, शेती, पाती, माळी असे शेकडो शब्द धुंडाळत बसाल. एकांड्या शब्दाकडून निघालात तर पहिलाच थर रिकामा. खेळ तिथेच संपला. इंग्रजीतल्या 5757 पंचाक्षरी शब्दांची डोनाल्ड क्नुथ यांनी अशी तपासणी केली, तेव्हा 671 शब्दांना एकही शेजारी सापडला नाही. जोडाक्षरांमुळे आपल्याकडे असे एकांडे शब्द पुष्कळ असावेत, असा माझा अंदाज आहे.

आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने हे काम संगणकाला दिले. संगणकाने सांगितले, हमालापासून प्रधानापर्यंत वाट नाही! मुलगा खट्टू झाला. आम्ही एकेक पाऊल तपासले. ‘कमाल’ ते ‘कमान’ त्याला मान्य होते, ‘कमान’ ते ‘विमान’ नव्हते. कारण संगणक मात्रा वेगळी मोजतो. त्याच्या लेखी ‘कमान’ म्हणजे क, म, काना, न अशी चार चिन्हे, तर ‘विमान’ म्हणजे व, वेलांटी, म, काना, न अशी पाच. लांबीच वेगळी, मग एकाच चिन्हाचा बदल कसा होणार? ‘प्रधान’ तर त्याला सहा चिन्हांचा दिसतो, कारण ‘प्र’मध्ये प, हलन्त आणि र असे तीन तुकडे आहेत. शब्दांची यादी आधी अक्षरांत तोडून दिली आणि तोच कार्यक्रम पुन्हा चालवला. या वेळी उत्तर आले: हमाल, कमाल, कमान, विमान, विधान, प्रधान.

त्या मुलाने आता तीन अक्षरी शब्दांची मोठी यादी करायला घेतली आहे. आपल्यापैकी कोणाला ‘हमाल’चा सातवा शेजारी सुचत असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा.