गोपनीयतेचा प्रश्न आधी



या व्यासपीठावरून भाषांच्या थोरवीबद्दल बोलण्याची रीत आहे. मला मात्र आज एका फोनबद्दल बोलायचं आहे. "उद्या दहा ते एक जपानी दुभाषी हवा आहे, याल का?" हा तो फोन. तुमच्यापैकी प्रत्येक दुभाष्याला तो येतो, आणि कारखान्यांतून आलेल्या, समोर बसलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांनी तो केलेला आहे. बैठकीत होणाऱ्या बहुतेक चुकांची मुळं या फोनच्या पाच मिनिटांत असतात, असं माझं मत आहे. हे मत कशामुळे झालं, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यातून मला असाच फोन आला. कारखाना अल्युमिनिअमचे ओतीव भाग बनवणारा, आणि जपानी ग्राहकाची माणसं भेटीला येणार होती. विषय विचारला तर उत्तर आलं, "क्वालिटी मीटिंग." कागद मागितले, तर "ते गोपनीय आहेत, बाहेर देता येत नाहीत." मी मान्य केलं. तिथेच माझी चूक झाली.

प्रत्यक्षात ती नुकसानभरपाईची बैठक होती. एका भागातून तेल झिरपत होतं आणि कापून पाहिल्यावर आत पोकळ्या दिसल्या होत्या. जपानी ओतकामात अशा पोकळीला 'सु' म्हणतात. त्या चित्राक्षराचा मूळ अर्थ घरटं. शिरक्यासाठीचा, म्हणजे व्हिनेगरसाठीचा शब्दही उच्चारात 'सु'च. संदर्भामुळे तेवढं मला उमगलं. पण पाहुणे दोन वेगळे शब्द वापरत होते. एक 'हिकेसु', म्हणजे धातू थंड होताना आकसल्यामुळे पडणारी पोकळी. दुसरा 'गासुसु', म्हणजे अडकलेल्या हवेमुळे किंवा वायूमुळे होणारी. आपल्या फाउंड्रीतली माणसं पहिल्याला श्रिंकेज आणि दुसऱ्याला ब्लोहोल म्हणतात. मी मात्र दोन्हींसाठी एकच शब्द वापरत राहिलो: पोरोसिटी.

फरक किती मोठा होता पाहा. आकसण्याची पोकळी बहुधा भागाच्या जाड जागी येते, आणि भाग तिथे इतका जाड का, हा प्रश्न ग्राहकाच्या आरेखनापर्यंत जाऊ शकतो. वायूची पोकळी असेल तर आधी कारखान्याच्या साच्याकडे आणि ओतण्याच्या पद्धतीकडे बोट जातं. पैसे कोणी भरायचे, हे या दोन शब्दांवर ठरणार होतं आणि मी ते दोन्ही एकाच पोत्यात भरत होतो. तासाभराने कारखान्याच्या गुणवत्ताप्रमुख बाईंनी कापलेल्या भागाचा फोटो पुढे ठेवून विचारलं, "ही पोकळी वेडीवाकडी, खरबरीत आहे. ब्लोहोल गोल, गुळगुळीत असतो. हे लोक नक्की कशाबद्दल बोलताहेत?" मी थांबलो, दोन्ही बाजूंना चूक सांगितली आणि तो तास पुन्हा पहिल्यापासून झाला. त्या बाईंची नजर तीक्ष्ण नसती, तर काय झालं असतं याची मला आजही धास्ती वाटते.

तो फोटो आणि तपासणीचा अहवाल आदल्या संध्याकाळी माझ्या हातात असता, तर हे दोन शब्द मी घरीच वेगळे केले असते. अहवाल का मिळाला नाही? गोपनीय होता म्हणून. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याच तोंडून जाणार होतं! म्हणून मी माझ्या प्रश्नांचा क्रम बदलला. पूर्वी भाषा, वेळ, जागा, विषय विचारून झाल्यावर शेवटी गोपनीयतेचं निघायचं. आता पहिलं वाक्य तेच असतं: "तुमचा गोपनीयतेचा करार आजच पाठवा, मी सही करून परत पाठवतो, मग कागद द्या." ईमेलने द्यायची परवानगी नसेल, तर अर्धा दिवस आधी कार्यालयात येऊन वाचतो आणि काहीही बाहेर नेत नाही. या वाचनाचं मानधन आधी ठरवतो. बहुतेक जण तयार होतात, कारण त्यांची अडचण कागद देण्याची नसते; सही नसलेल्या माणसाला देण्याची असते.

करार वाचूनच सही करा. काही करारांत बैठकीत कळलेली 'सर्व माहिती' गोपनीय म्हटलेली असते. तसं असेल तर 'हिकेसु' हा शब्दसुद्धा पुढच्या कामात वापरता येणार नाही, असा अर्थ निघू शकतो. सर्वसाधारण तांत्रिक शब्द त्यातून वगळायला सांगा. बैठकीत घेतलेल्या टिपणांचं काय करायचं, तेही लिहून घ्या. मी वहीची पानं तिथेच त्यांच्या हाती देतो. आणि गेल्या महिन्यात तुम्ही त्यांच्या स्पर्धकाकडे त्याच प्रकारच्या भागाबद्दल काम केलं असेल, तर स्पर्धकाचं नाव न घेता एवढंच म्हणा की हितसंबंध आड येतात, मला हे काम घेता येणार नाही.

कागद हाती आले की बाकीची उत्तरं बरीचशी आपोआप बदलतात. 'जपानी' एवढंच सांगितलेलं असतं, पण उपस्थितांची यादी पाहिली की कळतं, पाहुण्यांतले दोघे फक्त जपानी बोलतात, अहवाल इंग्रजीत आहे आणि ओतकाम विभागाचे प्रमुख मराठीतच मोकळे होतात. म्हणजे काम तीन भाषांचं. भरपाईची रक्कम निघणार असेल, तर तेही आधी कळायला हवं. जपानी मोजणी दहा हजारांच्या 'मान'ने चालते. 3000 मान येन म्हणजे आपले 3 कोटी येन, आणि हा हिशेब तोंडी करताना एक शून्य सहज हरवतं. निवडीत परीक्षेच्या पातळीवर विसंबणाऱ्या पाहुण्यांना एक सांगायला हवं: जपानी भाषेच्या JLPT परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. N1 प्रमाणपत्रावरून वाचन आणि श्रवण कळतं, बैठकीत तोंड उघडणं कळत नाही.

वेळेचा हिशेबही तेव्हाच करावा. बोलणारा थांबला की आपण बोलायचं, या पद्धतीत दीड तासाचं बोलणं जवळजवळ तीन तास घेतं. 'दहा ते एक' मधे पंधरा मिनिटांचं सादरीकरण, कारखान्याची फेरी आणि चर्चा बसवलेली असेल, तर तो दिवसभराचा कार्यक्रम आहे. जेवणाच्या टेबलावरही काम चालू राहणार असेल, तर तेही बुकिंगमधे यायला हवं. कानाशी लागून एकाच वेळी सांगायचं असेल, तर ते एक-दोन श्रोत्यांपुरतंच जमतं. ते सतत चालणार असेल, तर दोन दुभाषी घ्या, वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने. थकलेला माणूस आधी आकडे गाळतो, मग 'नाही' गाळतो, आणि ते त्याच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही.

जागेबाबत एकच विचारा: यंत्रांजवळ उभं राहून बोलायचं आहे का? असेल तर कानाशी लागून काही ऐकू येत नाही. छोटा माइक आणि श्रोत्यांना हेडफोन देणारा संच मागवा, सुरक्षा बूट कोण देणार ते ठरवा आणि मोबाइल गेटवर ठेवावा लागतो का ते विचारा. शब्दसंग्रह मोबाइलमध्येच असेल, तर त्या दिवशी तो नसल्यातच जमा. मी तो कागदावर नेतो.

दुभाष्याला विषय आधी माहीत असणं ही काही नवी गोष्ट नाही. 1674 मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याचा दुभाषी नारायण शेणवी होता. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीची बोलणी त्या भेटीत होतीच, आणि आधीच्या वाटाघाटींतही हा दुभाषी होता. त्याला विषय गडावर चढल्यावर कळलेला नव्हता.

त्या चाकणच्या कारखान्यात मी नंतर पुन्हा गेलो. या वेळी फोन गुणवत्ताप्रमुख बाईंचाच होता. त्या म्हणाल्या, "करार पाठवलाय. सही झाली की कापलेल्या भागांचे फोटो पाठवते, आणि या वेळी चौदा आहेत."