प्रतीक्षायादीतील क्रमांक कसा पुढे सरकतो?

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलाखतीसाठी दिल्लीला जायचे असते, तारीख हाती येते आणि तिकीट मात्र प्रतीक्षायादीचे मिळते. अशा वेळी आपण तिकिटावरील आकडा पाहून अंदाज बांधतो. तो आकडा नेमके काय सांगतो, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

पुण्याहून सुटणाऱ्या झेलम एक्स्प्रेसचे नवी दिल्लीपर्यंतचे शयनयान तिकीट आपण काढले आणि त्यावर `GNWL 18/WL 7` असे आले, असे समजू. यातील 18 हा आरक्षण करताना मिळालेला क्रमांक. तो पुढे कधीच बदलत नाही. आपल्या आधी 17 जणांना क्रमांक दिले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. त्यांपैकी काहींनी तिकिटे रद्द केली, तर काही जण पुढे सरकून यादीबाहेर गेले. आज आपण सातवे आहोत, हे दुसरा आकडा सांगतो. पाहायचा तो हाच.

आता रांगेची रचना लक्षात घ्या. सर्वांत पुढे निश्चित, म्हणजे `CNF` प्रवासी. त्यांच्यामागे रद्दीकरणासापेक्ष आरक्षण असलेले, म्हणजे `RAC` प्रवासी. त्यांना गाडीत प्रवेश आणि बसायला जागा मिळते, परंतु बाजूची खालची शायिका दोघांत विभागलेली असते. त्यांच्याही मागे प्रतीक्षायादी. या वर्गात आरएसीचे 20 प्रवासी आहेत, असे हिशेबापुरते धरू.

एका निश्चित प्रवाशाने तिकीट रद्द केले की `RAC 1` ला पूर्ण शायिका मिळते, मागचे सर्व आरएसी प्रवासी एकेक पाऊल पुढे येतात आणि `WL 1` हा `RAC 20` होतो. आपण सातव्यावरून सहाव्यावर. `RAC 8` ने तिकीट रद्द केल्यास पहिले सात जण जागच्या जागी राहतात, नववा आणि त्यामागचे पुढे येतात. आपण पुन्हा एक पाऊल पुढे. `WL 3` ने रद्द केले तरी आपला क्रमांक घटतो, पण या वेळी एकही जागा मोकळी झालेली नसते. केवळ आपल्या पुढचा एक उमेदवार कमी झाला. म्हणून आपल्या पुढचे सात जण घटले की आपण `RAC 20` होतो. गाडीत चढण्याचा हक्क मिळाला. पूर्ण शायिकेसाठी मात्र आपल्यापुढे अजून 19 जण उभे असतात.

हा हिशेब एकाच रांगेपुरता खरा आहे, आणि चूक होते ती येथेच. मधल्या स्थानकावरून निघणाऱ्या आपल्या मित्राच्या तिकिटावर `RLWL 4` असेल, तर तो आपल्यापेक्षा पुढे आहे असे समजू नका. त्याची रांग त्या स्थानकाला दिलेल्या मोजक्या जागांची आहे. जागा थोड्या, त्यामुळे रद्द होणारी तिकिटेही थोडी. सामान्य यादीतील मोठा आकडा पुष्कळदा या छोट्या आकड्यापेक्षा बरा ठरतो. तत्काळच्या `TQWL` यादीत तर आरएसीचा टप्पाच नसतो. तेथे एक तर निश्चित, नाही तर प्रतीक्षा.

आलेख तयार होईपर्यंत हे चित्र बदलत राहते. कधी कधी चार दिवस आकडा हलत नाही आणि आलेखाच्या वेळी एकदम बदलतो. आपत्कालीन व अन्य कोट्यांतील न वापरलेल्या जागा त्या वेळी मोकळ्या होतात, हे त्याचे कारण. आरएसीवरून निश्चित झालेल्याला डबा आणि शायिका क्रमांक अनेकदा तेव्हाच कळतो. तोपर्यंत पडद्यावर नुसते `CNF` दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही.

पूर्वी पहिला आलेख गाडी सुटण्याच्या साधारण चार तास आधी तयार होत असे. 2025 मध्ये ही वेळ बरीच अलीकडे आणली गेली. सकाळी आणि दुपारच्या सुरुवातीस सुटणाऱ्या गाड्यांचा आलेख आता आदल्या रात्रीच होतो. बाहेरगावाहून स्थानक गाठणाऱ्याला याचे मोल विशेष. जुन्या पुस्तकांत चार तासच लिहिलेले सापडतील.

पहिल्या आलेखानंतरही थोडी हालचाल होते. उरलेल्या जागा तात्कालिक आरक्षणासाठी खुल्या होतात आणि गाडी सुटण्यापूर्वी सुमारे अर्धा तास दुसरा, अंतिम आलेख निघतो. गाडीत न आलेल्यांच्या जागा तिकीट तपासनीस प्रथम आरएसी प्रवाशांना देतो. ई-तिकिटावरील सर्व प्रवासी आलेखानंतरही प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि परतावा खात्यात जमा होतो. ते घेऊन गाडीत बसणे म्हणजे विनातिकीट प्रवास. खिडकीवर काढलेले तिकीट असे आपोआप रद्द होत नाही. त्याच्या परताव्यासाठी मुदतीत आपणच पावले उचलावी लागतात, आणि तेही आरक्षित डब्यात बसण्याचा हक्क देत नाही.