परदेशी थंडीचा कोट



आमच्या वसईला थंडी म्हणजे काय, तर पौषात पहाटेच्या वेळी अंगावर एक चादर जास्त. आम्ही एव्हरशाईन सिटीत राहतो, तिथे तर पंखासुद्धा क्वचितच बंद होतो. अशा ठिकाणी वाढलेले मूल जेव्हा बर्फाच्या मुलखात शिकायला निघते, तेव्हा त्याच्यासाठी कोट निवडणारी माणसे आपणच, आणि आपल्याला त्या थंडीची कल्पना नसते.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांची मुलगी जानेवारीत कॅनडातल्या विनिपेग शहरी जायची होती. म्हणाल्या, "सर, दोन कोट बघून आलो. दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांचे. एक महाग आहे नि पिसासारखा हलका. दुसरा स्वस्त, पण जाडजूड. दुकानदार म्हणतो महागडाच घ्या. तुम्ही भूगोल शिकवता, आणि एक हिवाळा तुमच्या भावाकडे तिथे काढलाय. तुम्हीच सांगा." मुलीने दोन्ही कोटांच्या आतल्या पट्ट्यांचे फोटो काढून आणले होते. हे तिने फार शहाणपणाचे केले, कारण कोटाची कुंडली त्या पट्टीवरच असते.

आता कोट ऊब देतो म्हणजे काय करतो? तो स्वतः गरम नसतो. आपल्या अंगाची ऊब तो बाहेर जाऊ देत नाही, आणि हे काम कापड करीत नाही, कापडात अडकून स्थिर राहिलेली हवा करते. पिंजाऱ्याने पिंजून दिलेली नवी गादी ऊबदार लागते आणि तीच चार वर्षांनी दबून चपटी झाली की गार लागते. कापूस तेवढाच असतो, हवा निघून गेलेली असते. कोटातही हेच. हवा कशाने धरून ठेवायची, एवढाच काय तो प्रश्न.

त्याचे मुख्य प्रकार दोन. एक म्हणजे हंसाच्या किंवा बदकाच्या पिसांखालची मऊ लव. तिला डाउन म्हणतात. आपल्या सावरीच्या कापसासारखी हलकी आणि फुगीर. दुसरा प्रकार कृत्रिम धाग्याचा. प्रिमालॉफ्ट, थिन्सुलेट ही नावे पट्टीवर दिसतात ती या भरणाची. लव वजनाच्या मानाने अधिक ऊब देते. पण भिजली की तिचा चिखलगोळा होतो आणि ऊब संपते. कृत्रिम धागा जड, पण ओला झाला तरी बऱ्यापैकी फुगलेला राहतो. म्हणून आधी गाव विचारावे, मग कोट. लंडन, ग्लासगो, डब्लिन इथे हिवाळा म्हणजे पाऊस, वारा आणि शून्याच्या वर चार-पाच अंश. तिथे कृत्रिम भरणाचा, वरून पाणी न शिरणारा कोट बरा. विनिपेगला पारा रात्री उणे वीसच्या आसपास, काही दिवस उणे तीसच्याही खाली जातो. पण ती थंडी कोरडी. बर्फ पिठासारखा, झटकला की पडतो. तिथे लवेचा कोट शोभतो.

वहिनींचे दोन्ही कोट लवेचेच होते. महागड्याच्या पट्टीवर होते, फिल पॉवर ८००, लव ९० ग्रॅम. स्वस्ताच्या पट्टीवर ६०० आणि २५० ग्रॅम. दुकानदार ८०० या आकड्यावर बोट ठेवीत होता. त्या आकड्याचा अर्थ असा की एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव, फुगून ८०० घनइंच जागा व्यापते. आपल्या भाषेत तेरा लिटर. ६०० ची लव तेवढ्याच वजनात दहा लिटरच्या जवळपास. लव कोणती हे झाले. पण किती, हे कोणी विचारले नाही. महागड्यात ९० ग्रॅम म्हणजे तीन औंसांहून थोडे अधिक, फुगून बेचाळीस लिटर. स्वस्तात २५० ग्रॅम म्हणजे जवळजवळ नऊ औंस, फुगून सत्त्याऐंशी लिटर. स्वस्त कोट दुपटीने हवा धरीत होता! महागडा वाईट नव्हता, तो डोंगर चढणाऱ्यासाठी होता; पाठीवरचे ओझे कमी व्हावे म्हणून त्याची किंमत. बसच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग?

छाप बघूच नये असे मी म्हणत नाही. डेकॅथलॉनचे कोट आपल्याकडे मिळतात आणि पैशाच्या मानाने चांगले असतात. कोलंबियाच्या कोटांना आत चंदेरी ठिपक्यांचे अस्तर असते, त्याने थोडा फायदा होतो. पण भरण पातळ असेल तर ठिपके काय करणार? कॅनडा गूस उत्तम, पण हजार डॉलरच्या वर. विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये. जे मूल सप्टेंबरात जाते त्याने जाड कोट तिथेच घ्यावा, थंडी पडायला दोन महिने असतात. ही मुलगी जानेवारीत उतरणार होती, म्हणून इथून घेणे भाग होते.

कोट घालून बघताना आत स्वेटर घालावा आणि दोन्ही हात वर करावेत. पाठीत ताणला तर एक माप मोठा घ्यावा, कारण घट्ट कोटात लव दबते. तो उजेडासमोर धरावा. शिवणीच्या रेघांतून उजेड आरपार दिसला तर तिथून वारा शिरणार. टोपी कोटालाच हवी आणि लांबी मांडीपर्यंत.

आता आतले कपडे. इथे माझीच फजिती सांगतो. मी विनिपेगला गेलो तो सुती बनियन घालून. बसमध्ये गरम हवा सोडलेली, मला घाम आला. थांब्यावर उतरलो आणि दोन मिनिटांत ते ओले बनियन पाठीला बर्फासारखे चिकटले. आपला धनगर पावसात घोंगडी पांघरतो, गोधडी नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषते तरी अंगाला ओली लागत नाही. सूत शोषते आणि धरून बसते. म्हणून अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा असावा. आपल्या बाजारात रूपा, लक्स, जॉकी यांचे थर्मल मिळतात. घेताना सुताचा हिस्सा किती तो वाचावा. युनिक्लोचे हीटटेक रेयॉन, ॲक्रिलिक, पॉलिएस्टर अशा मिश्रणाचे, पातळ. वर्गात बसायला छान, पण तासभर बाहेर चालायचे तर लोकर बरी. दोन जोड पुरतात, एक अंगावर, एक वाळत.

मुलगी गेली. आठवड्याने वहिनी परत आल्या. "सर, कोट फार ऊबदार आहे म्हणते, पण गुडघे गार पडतात." मी कपाळावर हात मारला. वरच्या अंगाचा एवढा हिशेब केला आणि पायांना फक्त जीनची विजार! जीन म्हणजे जाड सूतच. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकायला गेल्या, तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली. एवढे ठाऊक असून मी विसरलो.

मग तिला निरोप धाडला, की लोकरीचा आतला लेंगा तिथेच घे, आणि त्यावरची विजार सैल असू दे.